धावत्या बेरजेची रेष: बचत पुढे आहे की मागे, हे उंचीवरून नाही, चढावरून कळतं

बारा महिन्यांत 1,20,000 साठवायचे असं मी एकदा ठरवलं होतं. सहावा महिना संपला तेव्हा बरोबर 60,000 जमा होते. अर्धा वेळ, अर्धी रक्कम. हिशेब असा चोख जुळला म्हणून मी खूश होतो. खरं तर त्या महिन्याच्या गतीने पुढे गेलो असतो तर वर्षाअखेरीस 18,000 कमी पडणार होते. ते सांगणारी खूण माझ्याच आलेखात दोन महिने आधीपासून दिसत होती. मला ती वाचता आली नाही, कारण मी रेष किती वर पोचली एवढंच बघत होतो. ती कशी चढते आहे हे बघत नव्हतो.

हा लेख त्या चढाबद्दल आहे. आधी रेष नीट काढायची, मग ती वाचायची. काढण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, वाचण्याची सवय लागायला मात्र दोन-तीन महिने जातात.

आधी तक्ता

धावती बेरीज म्हणजे प्रत्येक टप्प्यापर्यंत जमलेली एकूण रक्कम. पहिल्या महिन्यात 12,000 आणि दुसऱ्या महिन्यात 12,000 टाकले, तर दुसऱ्या महिन्यासमोर 24,000 लिहायचे. हे आकडे बिंदू म्हणून मांडून जोडले की संचयी रेष तयार होते. चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काढली तरी ती तितकीच खरी असते. मी स्प्रेडशीटमध्ये काढतो, कारण मधली एखादी नोंद दुरुस्त केली की पुढचं सगळं आपोआप बदलतं.

पहिल्या ओळीत मथळे लिहा. A स्तंभात महिन्याचा क्रमांक, B मध्ये त्या महिन्यात टाकलेली रक्कम, C मध्ये धावती बेरीज, D मध्ये लक्ष्य. H1 मध्ये लक्ष्याची रक्कम (इथे 120000) आणि H2 मध्ये महिन्यांची संख्या (12) लिहून ठेवा. हे आकडे सूत्रांच्या आत कोंबू नका. लक्ष्य बदललं तर एकच घर बदलावं लागलं पाहिजे.

A2 मध्ये 1 नाही, 0 लिहा. शून्याव्या महिन्याची ही ओळ बरेच जण गाळतात आणि मग रेष हवेत सुरू होते. पहिल्या बिंदूच्या मागे काहीच नसल्यामुळे पहिल्या महिन्याचा चढ दिसतच नाही. शून्याव्या महिन्यासमोर B2 मध्ये सुरुवातीची शिल्लक लिहायची, काही नसेल तर 0. त्याखाली 1 ते 12, म्हणजे तक्ता चौदाव्या ओळीपर्यंत जातो.

C2 मध्ये हे सूत्र घाला आणि खाली ओढा:

```
=IF(B2="",NA(),SUM(B$2:B2))
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली `B$2`. डॉलरमुळे बेरजेची सुरुवात दुसऱ्या ओळीला बांधली जाते आणि शेवट खाली सरकत जातो. अनेकांना `=C2+B3` ही पद्धत सोपी वाटते, म्हणजे मागची बेरीज अधिक नवी रक्कम. ती चालतेही, पण मध्ये ओळ घुसवेपर्यंतच. राहून गेलेली एखादी नोंद मध्ये टाकली की खालच्या ओळीचं सूत्र नव्या ओळीला ओलांडून जुन्याच घराकडे बोट दाखवत राहतं. चूक झाल्याची कुठलीही सूचना येत नाही, बेरीज फक्त तेवढ्या रकमेने कमी दिसते. ओळ उडवली तर निदान `#REF!` असं ओरडतं तरी. `SUM` ची पद्धत मध्ये आलेली ओळ आपोआप सामावून घेते. नव्या ओळीत C चं सूत्र तेवढं ओढून घ्या.

दुसरी गोष्ट `NA()`. अजून न आलेल्या महिन्यांत B रिकामा असतो. तिथे नुसती बेरीज ठेवली तर सगळ्या पुढच्या महिन्यांत आजचाच आकडा येतो आणि रेष आजपासून शेवटपर्यंत सपाट धावते. बघणाऱ्याला वाटतं बचत थांबली, पण ते महिने अजून उजाडलेलेच नसतात. सपाटपणा ही आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, ती अशी फुकट उधळता येणार नाही. `NA()` ऐवजी रिकामं अवतरण `""` घातलं तर एक्सेल त्याला शून्य समजून रेष तळाला आपटतं. `NA()` मुळे रेष आजच्या बिंदूवर थांबते. घरात `#N/A` दिसतं, दिसू द्या.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. ज्या महिन्यात खरोखर काहीच टाकलं नाही, तिथे B मध्ये 0 लिहायचंच. रिकामं घर म्हणजे महिना आला नाही, शून्य म्हणजे महिना आला आणि हात रिकामा गेला.

D2 मध्ये लक्ष्याची रेष:

```
=C$2+(H$1-C$2)*A2/H$2
```

सुरुवातीच्या शिल्लकीपासून लक्ष्यापर्यंत सरळ जाणारी ही वाट आहे. माझ्या उदाहरणात ती दर महिन्याला 10,000 नी चढते.

रेष काढताना

A, C आणि D हे तीन स्तंभ निवडा. एक्सेलमध्ये `Ctrl` दाबून ठेवून निवडता येतात. आलेखाच्या प्रकारांतून `Scatter with Straight Lines` घ्या. नेहमीचा `Line` निवडला तर एक्सेल कधी कधी महिन्याच्या क्रमांकांनाच वेगळी रेष समजतं आणि तळाशी एक अनाहूत रेष सरपटत जाते. गूगल शीट्समध्ये मात्र `Line chart` च घ्या आणि A हा आडवा अक्ष म्हणून लावला गेलाय ना, हे बघून घ्या.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करा आणि वरचं टोक लक्ष्याच्या थोडं वर, उदाहरणार्थ 1,30,000 ला बांधून टाका. आडवा अक्ष 0 ते 12. हे एकदा बांधलं नाही तर प्रोग्रॅम आकड्यांप्रमाणे अक्ष ताणतो, आणि मागच्या महिन्यात पाहिलेला चढ या महिन्यात वेगळाच दिसतो, आकडे तेच असूनही.

इथे एक लबाडी समजून घेतली पाहिजे. चढ किती उभा दिसतो हे आलेखाच्या आकारावरही असतं. चौकट रुंद आणि बुटकी केली की कुठलीही बचत आळशी दिसते, अरुंद आणि उंच केली की तीच बचत गगनाला भिडते. म्हणून एकट्या रेषेकडे बघून चढ जास्त की कमी हे ठरवू नये. शेजारी लक्ष्याची रेष हवीच, कारण आकार कसाही बदलला तरी दोन्ही रेषा सारख्याच ताणल्या जातात. जो चढ लक्ष्याच्या रेषेला समांतर आहे, तो कुठल्याही चौकटीत समांतरच राहतो. म्हणून माझ्या आलेखात लक्ष्याची रेष फिकट आणि तुटक असते, पण ती नसेल तर आलेख मी बघतच नाही.

चढ म्हणजे काय

दोन बिंदूंमधला चढ म्हणजे त्या काळात टाकलेली रक्कम. तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याच्या बिंदूंमध्ये रेष 10,000 नी वर गेली असेल, तर चौथ्या महिन्यात 10,000 टाकले. एवढंच. उंची ही आजवरच्या सगळ्या महिन्यांची पुण्याई आहे, चढ ही फक्त चालू महिन्याची कमाई.

म्हणून ही रेष फसवते. पैसे काढले नाहीत तर धावती बेरीज कधीच खाली येत नाही. गती अर्ध्यावर आली तरी रेष वरच जात असते, आणि वर जाणारी रेष बघून कोणालाही बरं वाटतं. महिन्याच्या रकमांचे खांब शेजारी शेजारी उभे केले असते तर घसरण डोळ्यांत खुपली असती. संचयी रेषेत तीच घसरण फक्त एका हलक्या वळणात लपून बसते.

माझे पहिले सहा महिने असे होते:

| महिना | जमा | धावती बेरीज | लक्ष्य | आघाडी |
|---|---|---|---|---|
| 1 | 12,000 | 12,000 | 10,000 | 2,000 |
| 2 | 12,000 | 24,000 | 20,000 | 4,000 |
| 3 | 11,000 | 35,000 | 30,000 | 5,000 |
| 4 | 10,000 | 45,000 | 40,000 | 5,000 |
| 5 | 8,000 | 53,000 | 50,000 | 3,000 |
| 6 | 7,000 | 60,000 | 60,000 | 0 |

धावत्या बेरजेचा स्तंभ वरून खाली वाचा, प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे. आता शेवटचा स्तंभ वाचा. आघाडी 5,000 पर्यंत गेली, चौथ्या महिन्यात जागच्या जागी राहिली आणि मग उतरायला लागली. आलेखात हे असं दिसतं: माझी रेष सुरुवातीला लक्ष्यापासून वर वर फाकत जाते, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यांच्या मध्ये दोन्ही रेषा समांतर चालतात, आणि तिथून पुढे माझी रेष लक्ष्याच्या रेषेकडे वाकत येते. आकाराने ती उपड्या वाटीच्या काठासारखी आहे.

दोन रेषा समांतर झाल्या ती जागा मोलाची. त्या क्षणी आघाडी सगळ्यात जास्त असते, म्हणून तेव्हा सगळं उत्तम वाटतं. पण नेमकी तिथेच गती घसरून लक्ष्याच्या गतीइतकी झालेली असते. त्यानंतर चढ आणखी कमी झाला की आधीची शिदोरी संपायला लागते. रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा उशीर झालेला असतो. छेद हा सगळ्यांना दिसतो, समांतरपणा शोधावा लागतो.

हा आघाडीचा स्तंभ तक्त्यात जरूर घाला. E2 मध्ये `=C2-D2`, बाकी काही नाही. त्याची वेगळी छोटी रेष काढली तर वाचणं आणखी सोपं होतं: ती चढत असेल तर तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त टाकताय, आडवी असेल तर ठरल्याइतकं, उतरत असेल तर कमी. ही कल्पना काही नवी नाही. कारखान्यातल्या उत्पादनाचा दर्जा घसरायला लागलाय का हे ओळखण्यासाठी ई. एस. पेज या संख्याशास्त्रज्ञाने 1954 मध्ये फरकांच्या धावत्या बेरजेवर आधारलेली पद्धत मांडली. एकेक फरक किरकोळ दिसतो, पण एकाच दिशेचे फरक साठत गेले की बेरीज बोलायला लागते. बचतीतही हेच होतं.

रेष आडवी पडते तेव्हा

आडवं पडणं सगळं सारखं नसतं. आधी आकार ओळखायचा, मग काळजी करायची.

एक प्रकार म्हणजे पायरी. रेष चढत येते, एका महिन्यात सपाट होते, पुढच्या महिन्यात पुन्हा आधीच्याच चढाने निघते. मधला महिना शून्याचा गेला. अशा वेळी सपाट तुकड्याच्या आधीचा आणि नंतरचा चढ ताडून बघायचा. ते समांतर असतील तर तुमची सवय मोडलेली नाही, फक्त सगळी रेष एका महिन्याने उजवीकडे सरकली. तिची किंमत मोजायला सोपी आहे: एक महिना उशीर, किंवा एका महिन्याची रक्कम उरलेल्या महिन्यांत वाटून घेणं.

दुसरा प्रकार म्हणजे कमान, माझ्या तक्त्यातली. इथे एकही महिना शून्याचा नाही, एकही महिना वाईट म्हणावा असा नाही. दुसऱ्यानंतरचा प्रत्येक महिना मागच्यापेक्षा जरासा हलका, बस्स. पायरीपेक्षा कमान जास्त महागात पडते, कारण पायरीचं नुकसान एकदाच होतं आणि कमानीचं नुकसान पुढच्या प्रत्येक महिन्यात होत राहतं. पायरीला सहसा एक ठळक कारण असतं, ते तुम्हाला आठवतंही. कमानीला एखादा नवा कायमचा खर्च कारण असतो, किंवा सुरुवातीचा आकडाच न झेपणारा ठरवलेला असतो. माझ्या बाबतीत दुसरं होतं. 12,000 हा माझा खरा वेग नव्हताच, तो उत्साहाचा वेग होता.

तिसरा प्रकार आडवं पडण्याचा भास. महिन्याच्या शेवटच्या तारखेला टाकायचे पैसे दुसऱ्या दिवशी टाकले गेले, की एका महिन्यात 0 आणि पुढच्या महिन्यात दुप्पट दिसतं. आलेखात सपाट तुकडा आणि लगेच उभा कडा येतो. यात काहीच घडलेलं नाही. नोंद खात्यात जमा झालेल्या तारखेने करायची की ज्या महिन्यासाठी टाकली त्या महिन्याने, हे एकदा ठरवा आणि वर्षभर पाळा. मी दुसरी रीत पाळतो. तारखांप्रमाणे नोंदी करत असाल तर A स्तंभात सुरुवातीपासून उलटलेले महिने अपूर्णांकात लिहा, उदाहरणार्थ 1.5, कारण खऱ्या तारखा ठेवल्या तर D चं सूत्र बिघडतं, आणि आलेख त्यांच्यातलं अंतर पाळतो आहे ना, हे तपासा. पाच दिवसांनंतरची आणि चाळीस दिवसांनंतरची नोंद सारख्याच अंतरावर काढली गेली तर चढ निव्वळ खोटा असतो.

रेष खाली आली तर प्रश्नच नाही, पैसे काढले गेले. त्या महिन्यात B मध्ये उणे आकडा लिहा. जुन्या नोंदी कमी करून हिशेब जुळवू नका. तसं केलं की मागचे सगळे चढ बिघडतात आणि पैसे नेमके कधी काढले ते आलेखातून पुसलं जातं.

रेष उभी होते तेव्हा

इथे मोह जास्त असतो. चढ वाढला की प्रगती झाली असं वाटतं, आणि बरेचदा ती झालेलीही असते. पण विचारायचा प्रश्न एकच: चढ वाढून तसाच राहिला का? एका महिन्यात रेष कड्यासारखी उभी झाली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जुन्या चढावर आली, तर ती एकरकमी भर होती. तिने उंची दिली, वेग दिला नाही. सलग तीन बिंदू नव्या, जास्त उभ्या चढावर पडले तर वेग बदलला असं मी धरतो. तीन या आकड्यात काही शास्त्र नाही. दोन महिने योगायोगाने चांगले जाऊ शकतात आणि चौथ्याची वाट बघायला मला धीर नसतो.

व्याजाचंही इथेच बघून घ्या. खात्यातली शिल्लक जशीच्या तशी धावती बेरीज म्हणून वापरली तर व्याज जमा झालं की रेषेला छोटी उसळी येते. वर्षभराच्या लक्ष्यात ती नगण्य असते. पण दहा-पंधरा वर्षांच्या लक्ष्यात व्याजावर व्याज चढून रेष आपोआप वर वळत जाते, आणि तुमचं दरमहा टाकणं कमी झालं तरी ती उभीच होत राहते. म्हणून व्याजाचा स्तंभ वेगळा ठेवा. स्वतः टाकलेल्या रकमेची एक रेष, व्याजासकट एकूण रकमेची दुसरी. वेग पहिल्या रेषेवर वाचायचा, लक्ष्य गाठलं का हे दुसरीवर.

गरजेची गती आणि खरी गती

नजरेने जे दिसलं ते आकड्यात मांडायला दोन स्तंभ पुरतात. F5 पासून गेल्या तीन महिन्यांची सरासरी:

```
=IF(B5="",NA(),AVERAGE(B3:B5))
```

आणि G मध्ये उरलेल्या महिन्यांत दरमहा किती लागेल ते. सहाव्या महिन्याच्या, म्हणजे आठव्या ओळीत ते असं दिसेल:

```
=(H$1-C8)/(H$2-A8)
```

बाराव्या महिन्याच्या ओळीत हे सूत्र घालू नका, तिथे शून्याने भागाकार होतो.

सहाव्या महिन्याअखेर माझी गरजेची गती होती 10,000, अगदी मूळ ठरवलेली. तीन महिन्यांची सरासरी होती 8,333. आणि चालू महिन्याची रक्कम 7,000. सरासरीने पुढे गेलो तर वर्षाअखेर 1,10,000 होणार होते, चालू महिन्याच्या गतीने 1,02,000. यातला कुठला अंदाज धरायचा? महिने वर-खाली होत असतील, एकदा जास्त एकदा कमी, तर सरासरी धरावी. पण रक्कम एकाच दिशेने उतरत असेल तर सरासरी नेहमी आशावादी असते, कारण तिच्यात मागचे बरे महिने मिसळलेले असतात. 10, 8, 7 हजार ही उतरंड आहे, तिथे 7,000 च खरे मानायला हवे होते.

उणीव महिन्यांतही मोजता येते, आणि मला ती तशीच जास्त कळते. 60,000 उरलेत, दरमहा 7,000, म्हणजे साडेआठ महिन्यांहून थोडे अधिक, म्हणून नऊ. बाराऐवजी पंधरावा महिना. आलेखात हे बघायचं असेल तर शेवटच्या बिंदूवर पट्टी ठेवा, शेवटच्या तुकड्याच्या चढाला ती जुळवा आणि ती लक्ष्याच्या उंचीला कुठे भिडते ते बघा. दोन रेषांमधलं उभं अंतर तुम्हाला किती पैसे कमी ते सांगतं, आडवं अंतर किती उशीर ते.

पुढचे महिने

सातव्या महिन्यात एक मोठा खर्च आला आणि मी 0 टाकले. रेष 60,000 वर आडवी पडली आणि गरजेची गती 10,000 वरून एकदम 12,000 झाली. सपाट महिना असा दुहेरी मार देतो: रक्कम तेवढीच उरते आणि ती भरायला महिना एक कमी. आठव्यात 7,000, एकूण 67,000. गरजेची गती 13,250. इथे बहुतेक जण आलेख बघणं सोडून देतात, कारण गरजेचा आकडा दर महिन्याला पळत सुटतो.

नवव्या महिन्यात नेहमीच्या 7,000 सोबत 18,000 ची एकरकमी भर पडली. एकूण 92,000, लक्ष्याच्या 90,000 च्या वर. रेषेने लक्ष्याला पुन्हा ओलांडलं आणि सहाव्या महिन्यातला आनंद परत आला. पण या वेळी मी कडा उभा कशामुळे झाला हे ओळखलं. तो एकाच बिंदूचा होता, 18,000 उंचीत गेले होते. वेग अजून 7,000 च होता आणि गरज 9,333 ची. दहाव्या महिन्यात पुन्हा 7,000 पडले, एकूण 99,000, लक्ष्य 1,00,000. रेष परत लक्ष्याखाली.

आता उरले 21,000 आणि दोन महिने, म्हणजे दरमहा 10,500. पाच महिने ज्याने 7,000 च्या वर एकदाही नियमित टाकलेले नाहीत, त्याने साडेदहा हजारांचा संकल्प करणं म्हणजे पुन्हा तीच उत्साहाची चूक. मी मुदत वाढवली. 21,000 ला 7,000 नी भागलं की तीन येतात, म्हणून तेरावा महिना.

मुदत बदलताना जुनी लक्ष्यरेष पुसू नका. शेजारी आणखी एक स्तंभ घ्या आणि आजच्या बिंदूपासून नव्या तारखेपर्यंत दुसरी तुटक रेष काढा. जुनी पुसली की आलेखात तुम्ही कायम वेळेवर दिसता आणि पुढच्या वर्षी पुन्हा 12,000 पासून सुरुवात करता. तेराव्या महिन्यासाठी तक्त्याला एक ओळ वाढवावी लागते. D चं जुनं सूत्र तिथे ओढू नका, नाहीतर जुनी रेष 1,30,000 पर्यंत चढत जाते. आडव्या अक्षाचं टोकही 13 करायला हवं.

अकराव्या आणि बाराव्या महिन्यात 7,000 पडले. बाराव्याअखेर 1,13,000, तेराव्याअखेर 1,20,000. पूर्ण झालेल्या आलेखात आता दोन गोष्टी स्वच्छ दिसतात. सहाव्या महिन्यातल्या चढाने वर्षाअखेर जे 18,000 कमी पडणार होते, ते नवव्या महिन्यातल्या कड्याने नेमके भरून काढले. आणि वरच्या टोकाला जुनी लक्ष्यरेष आणि माझी रेष यांच्यात एका महिन्याचं आडवं अंतर उरलं, सातव्या महिन्यातल्या सपाट तुकड्याइतकंच.